०.०३५ आणि ०.०३७ यांत चांगले कोणते?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत उष्णतारोधक पाट्यांवर आलेला लेख वाचला. लेखात दोन खनिज लोकरीच्या पाट्यांची तुलना आहे. उष्णतावाहकता जितकी कमी तितकी पाटी उष्णता चांगली अडवते; एकीची उष्णतावाहकता ०.०३५ आणि दुसरीची ०.०३७ वॅट प्रति मीटर केल्विन, म्हणून पहिली सरस, असा निष्कर्ष लेखकाने काढला आहे. सोबत छापलेल्या तक्त्यात मात्र पहिला आकडा १० अंश सेल्सिअसचा आणि दुसरा २४ अंशांचा आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. मी बरीच वर्षे अशा मोजणीच्या प्रयोगशाळेत काम केले असल्याने हा आकडा कसा निघतो ते सांगावेसे वाटते, कारण ते कळले की या तुलनेतला दोष आपोआप दिसतो.

या मोजणीच्या उपकरणाला गार्डेड हॉट प्लेट म्हणतात. मधोमध विजेने तापणारी एक सपाट धातूची प्लेट असते, तिच्या दोन्ही अंगांना एकाच मालाचे सारख्या जाडीचे दोन नमुने आणि त्यांच्या बाहेर दोन थंड प्लेटा. उष्णता मधून निघून दोन्ही नमुन्यांतून बाहेर जाते. मधल्या प्लेटला दिलेली वीज वॅटमध्ये मोजायची, तिला नमुन्याच्या जाडीने गुणायचे आणि प्लेटच्या क्षेत्रफळाची दुप्पट गुणिले दोन्ही बाजूंच्या तापमानांतला फरक, याने भागायचे, आला आकडा. म्हणजे उष्णतावाहकता कोणत्याही तबकडीवर वाचता येत नाही, ती चार वेगवेगळ्या मोजमापांतून हिशोबाने काढावी लागते.

हा हिशोब खरा ठरण्यासाठी एक अट आहे: मोजलेल्या विजेची सगळी उष्णता सरळ नमुन्यांतूनच गेली पाहिजे, कडेने निसटता कामा नये. त्यासाठी मधल्या प्लेटभोवती अरुंद फट सोडून दुसरे तापते कडे बसवलेले असते, तेच गार्ड. कडे आणि मधला भाग एकाच तापमानाला असतील तर फटीतून उष्णता कोणत्याही दिशेला जात नाही. फटीच्या दोन्ही काठांवर, तापमानातला फरक व्होल्टेजच्या रूपात दाखवणाऱ्या थर्मोकपलांची एक साखळी बसवलेली असते, आणि तिचे व्होल्टेज शून्यावर ठेवणे हे या कामातले अर्धे कौशल्य.

आपल्या लेखातल्याच आकड्यांवर हिशोब मांडून पाहू. मोजणीचा मधला भाग ३० सेंटिमीटर चौरस, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. जाडी ५० मिलिमीटर. गरम बाजू २० अंश, थंड बाजू शून्य, म्हणजे सरासरी १० अंश. उत्तर ०.०३५ यायचे तर विजेचे मीटर २.५२ वॅट दाखवेल. दुसऱ्या पाटीच्या वेळी बाजू ३४ आणि १४ अंशांवर होत्या असे धरले, तर ०.०३७ साठी मीटरवर २.६६ वॅट दिसतील. ज्या फरकावर लेखकाने निवाडा दिला तो प्रयोगशाळेत ०.१४ वॅटचा आहे.

आता फटीकडे पाहा. समजा, फटीतून दर केल्विनला अर्धा वॅट उष्णता जाऊ शकते आणि कडे मधल्या भागापेक्षा एक दशांश अंशाने गरम राहिले. मग ०.०५ वॅट बाहेरून आत येतील, तेवढी वीज कमी लागेल आणि ०.०३५ च्या जागी ०.०३४३ असे उत्तर येईल. इथे चूक मालाच्या बाजूने झाली आहे, म्हणून ती कोणाला खटकत नाही! ती पकडायची रीत सोपी आहे. मधल्या भागाचे तापमान कायम ठेवून कडे मुद्दाम अर्ध्या अंशाने वर न्यायचे. वीज पाव वॅटने उतरली, तर फट दर केल्विनला अर्धा वॅट सोडते हे कळते, आणि समतोल किती काटेकोर राखायला हवा तेही ठरते. हे तपासलेलेच नसेल, तर त्या प्रयोगशाळेच्या आकड्यातल्या तिसऱ्या दशांश स्थळावर मी फारसा भरवसा ठेवणार नाही.

दुसरी नेहमीची चूक जाडीची. मऊ लोकर प्लेटांमध्ये दबते. आमच्याकडे एकदा एका नव्या सहकाऱ्याने पाकिटावरचे ५० मिलिमीटर तसेच नोंदवहीत लिहिले आणि पाटीचे उत्तर अपेक्षेपेक्षा चार टक्के जास्त आले. दिवसभर आम्ही विजेचे मीटर आणि थर्मोकपल तपासत बसलो. संध्याकाळी प्लेटांमधले अंतर मोजले तेव्हा ते ४८ मिलिमीटर निघाले, आणि चार टक्क्यांचा हिशोब तिथेच लागला. जाडी नमुना उपकरणात असताना मोजायची, हा धडा त्या दिवसापासून आम्ही नवीन माणसाला पहिल्यांदा द्यायला लागलो. घाईचेही असेच आहे: स्थिर अवस्था यायला तास लागतात, आणि लागोपाठची वाचने एकाच दिशेने सरकत असतील तर ती एकमेकांच्या कितीही जवळ असली तरी मोजणी संपलेली नसते.

सगळे नीट केले, तरी ०.०३५ म्हणजे नेमके काय? लोकरीतली बरीचशी उष्णता तंतूंमधल्या हवेतून जाते. १० अंशांना नुसत्या स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ आहे. उरलेल्यापैकी थोडा भाग तंतूंमधून आणि मोठा भाग प्रारणाने, म्हणजे उष्णतेच्या किरणांनी जातो. प्रारणाचा वाटा निरपेक्ष, म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० वरून २४ अंशांवर जाताना तो सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. हवेचा वाटा जेमतेम चार टक्क्यांनी. दोन्ही मिळून ०.०३५ ची पाटी २४ अंशांना ०.०३७ च्या आसपास पोहोचते. म्हणजे लेखातल्या दोन पाट्या एकाच मालाच्या असू शकतात. त्यातच आयएसओ ८३०२ हे प्रमाणक नेहमीच्या तापमानाला, पद्धत काटेकोर पाळली तर, मोजणीची अचूकता सुमारे दोन टक्के धरते, ०.०३५ च्या बाबतीत ही मुभा ०.०००७ इतकी होते.

शिवाय हा आकडा कोरड्या नमुन्याचा असतो. ओल असेल तर पाणी गरम बाजूला वाफ होऊन थंड बाजूला साचते आणि सोबत उष्णता वाहून नेते, म्हणून नमुना आधी वाळवतात आणि मोजणीच्या आधी व नंतर त्याचे वजन करतात. भिंतीत ओलावलेली पाटी त्या आकड्याने वागणार नाही. पेशींमध्ये जड वायू कोंडलेल्या फोमचे तर वयही विचारावे लागते, कारण तो वायू हळूहळू बाहेर जातो, हवा आत येते, आणि कारखान्यातून ताज्या आलेल्या तुकड्याचा आकडा काही वर्षांनी टिकत नाही. युरोपीय प्रमाणकांत जाहीर केलेला आकडा तर एका नमुन्याचा नसतोच. उत्पादनातला नव्वद टक्के माल त्याच्या आत बसेल हे नव्वद टक्के खात्रीने म्हणता येईल, असा तो सांख्यिकी हिशोबाने काढतात आणि वरच्या दिशेने पूर्णांकित करतात. एका पत्रकावर असा आकडा आणि दुसऱ्यावर एकाच नमुन्याची मोजणी असेल, तर तापमान सारखे असूनही तुलना चुकते.

पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी सरासरी तापमान, मोजलेली जाडी, नमुना ताजा की जुना, आणि आकडा मोजलेला की जाहीर केलेला, एवढे लिहावे, ही विनंती. त्या लेखातल्या पाट्यांपैकी चांगली कोणती, हे दोन्ही १० अंशांवर पुन्हा मोजल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ