आजीच्या कागदाबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी आजीला न्यूरॉलॉजिस्टकडे नेण्याआधी सोबतचा कागद नीट वाच आणि डॉक्टरांच्या हातात दे. तोंडी सांगायला गेलं की सगळं "वर्षभर असंच चाललंय" एवढ्यावर येतं. त्यांना हवं असतं ते आधी काय झालं आणि मग काय.

तारखा मी सणांवरून लावल्यात. गणपतीत तिची चाल बदलली. पाय फाकवून, जमिनीला चिकटल्यासारखी छोटी पावलं टाकायची. ओट्यापासून मागे वळायलाच सहा-सात पावलं लागायची. तेव्हा डोकं मात्र लख्ख होतं, आरत्या तोंडपाठ, दुधाचा हिशोब चोख. विसरणं संक्रांतीनंतरचं. तेही कसं, तर भाजीत मीठ घातलं का विचारलं की बराच वेळ गप्प, मग बरोबर उत्तर. तुझ्या दादाचं नाव सुचत नाही, पहिलं अक्षर सांगितलं की येतं. हे कागदावर जसंच्या तसं लिहिलंय. नुसतं "विसरते" म्हटलं तर हा फरक कळत नाही. होळीच्या सुमारास लघवी आवरेना. तिला फार लाज वाटते, तेव्हा ती ओळ फक्त बोटाने दाखव.

हा क्रम महत्त्वाचा आहे. अल्झायमरमध्ये बहुधा विसरणं आधी येतं, चाल उशिरा बिघडते. इथे उलटं आहे. आपल्या डॉक्टरांना शंका आहे ती मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याची, म्हणजे नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसची. त्यावर इलाज होऊ शकतो, म्हणून माझा जीव त्यात अडकलाय. पण कागदावर मी आजाराचं नाव लिहिलेलं नाही. ते त्यांनी ठरवायचं.

दोन नोंदी वेगळ्या केल्यात. शिमग्यानंतर ती न्हाणीघरात पडली, डोकं आपटलं, आणि ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. अशा वेळी कवटीत हळूहळू रक्त साठून काही आठवड्यांनीही तोल आणि स्मृती बिघडू शकते. दुसरी नोंद झोपेच्या गोळीची. तिनेही तोल जातो. पण ती सुरू झाली दिवाळीत, चाल बिघडली त्याआधी. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत ठेवल्यात.

फोनवर खुर्चीतून उठणं, चालणं, वळणं असे व्हिडिओ पाठवलेत, गणपतीतला आणि परवाचा. दवाखान्यात नवीन माणसांसमोर ती जरा नेटाने चालते, म्हणून ते दाखवच. स्कॅन पाहून डॉक्टर कदाचित पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून चालण्यात फरक पडतो का ते बघतील. तसं ठरलं तर आधी आणि नंतर त्याच जागेत, तेवढ्याच अंतरावर तिला चालवून व्हिडिओ घे. फरक दिसला नाही तरी तेवढ्यावरून आजार नाही असं ठरत नाही, तेव्हा पुढे काय करायचं ते विचारून घे.

तुझी,
आई