घोषणेखाली पिल्लाची जन्मतारीखही लिहा

महोदय,

पावसाळा सरता सरता भटक्या माद्या माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी व्यातात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत चौकाचौकांत पिल्लांची दत्तक शिबिरे लागतात. 'विकत नको, दत्तक घ्या' ही घोषणा आम्हाला मनापासून पटते. तिच्या जोडीला मात्र 'देशी कुत्रे काटक, आजारी पडत नाही, खर्च नाही' असेही फलकांवर सर्रास लिहिले जाते. ते ताबडतोब काढून टाकावे, कारण त्याच ओळीमुळे पिल्ले मरतात.

देशी कुत्र्याच्या काटकपणात तथ्य आहे. पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा आपल्या उन्हाळ्यात धापा टाकतो, तसा त्रास देशीला नसतो. पण रस्त्यावर दिसणारी धडधाकट मोठी कुत्री ही त्यांच्या वेतातली वाचलेली कुत्री असतात. उरलेली भावंडे दोन-तीन महिन्यांची होण्याआधीच गेलेली असतात. अनेकदा त्यामागे पार्वो हा विषाणूजन्य आजार असतो. पिल्लू मलूल होते, खाणे सोडते, उलट्या होतात, मग रक्ताचे अतिशय दुर्गंधीयुक्त जुलाब होतात. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्ले शरीरातले पाणी कमी होऊन काही दिवसांत दगावतात, मग ती देशी असोत वा लॅब्रेडॉर.

समजा, पिल्लू १ नोव्हेंबरला जन्मले आणि १६ डिसेंबरच्या शिबिरात, म्हणजे ४५ दिवसांचे असताना, पहिला डोस टोचून त्याच संध्याकाळी नव्या घरी गेले. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या की घरचे म्हणतात, 'लस बाधली.' प्रत्यक्षात लागण आधीच झालेली असते, कारण पार्वोची लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात आणि कधी दोन आठवडेही. म्हणून रस्त्यावरून उचललेली पिल्ले शिबिराआधी किमान दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून वेगळी ठेवावीत. एका वेतातली पिल्ले एकत्र राहिली तर चालते. दोन वेतांची पिल्ले एका खोक्यात भरून आणणे हा शिबिरांतला सर्वांत घातक प्रकार आहे.

दुसरी चूक पहिल्या डोसनंतर होते. टोचले म्हणजे झाले असे समजून लोक बाकीचे डोस टाळतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीलाही निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत राहायचे आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा. वरच्या पिल्लाचा शेवटचा डोस २१ फेब्रुवारीच्या आधी नको. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, म्हणजे त्याच्यासाठी २४ जानेवारीनंतर. जंताचे औषध तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, वजन करून. हे सगळे होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या आवारात जमिनीवर सोडू नये. कडेवर घेऊन जग दाखवायला हरकत नाही.

आधीचे पिल्लू पार्वोने गेलेल्या घरी त्याच आठवड्यात दुसरे देण्याचा उत्साहही आवरावा. हा विषाणू घरात कित्येक महिने तग धरतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुवावी, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिश्रण दहा मिनिटे ओले ठेवावे. आधी घाण काढली नाही, तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडते. गाद्या आणि पायपुसणी टाकून दिलेली बरी.

फलकांवर फक्त पिल्लांचीच छायाचित्रे का असतात, हेही कळत नाही. कानाला खाच असलेला मोठा कुत्रा म्हणजे नसबंदी झालेला कुत्रा. तो पिल्लाच्या वयातून सुखरूप बाहेर पडलेला असतो, आणखी किती वाढेल हा प्रश्न नसतो, माणसांत कसा वागतो हे समोर दिसते. दिवसभर कामावर असणाऱ्या कुटुंबाला दर दोन-तीन तासांनी शू करणाऱ्या पिल्लापेक्षा तोच झेपतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटका कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली आहे. तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची, हेही त्यातच आहे. घोषणा देणाऱ्यांनी हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरांत घ्यावे.

शिबिरांच्या आयोजकांना आमची विनंती आहे की प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात चिठ्ठी बांधा. तिच्यावर अंदाजे जन्मतारीख, दिलेल्या डोसची तारीख, बाटलीवरचे लेबल आणि पुढच्या डोसची तारीख असू द्या. पुढच्या डोसला येण्याचे कबूल न करणाऱ्या घरी पिल्लू देऊ नका.

आपले,
दत्तक शिबिरांत काम करणारे कार्यकर्ते, पुणे