अंगठ्यापासून जिभेपर्यंत

प्रिय अनघा,

बासरीच्या क्लासमधल्या त्या मुलाबद्दल तू यी चिंगला, म्हणजे नाणी टाकून शकुन बघायच्या जुन्या चिनी पुस्तकाला, प्रश्न विचारलास, त्या कागदाचा फोटो पाहिला. आकडे बरोबर मांडलेस, पण आकृती उलटी वाचलीस. यी चिंगमध्ये तीन नाणी सहा वेळा टाकून सहा रेघांची आकृती बनते, चौसष्टांपैकी एक. पहिल्या फेकीची रेघ सगळ्यात खाली जाते आणि बाकीच्या तिच्यावर चढत जातात. तू वरून खाली लिहीत गेलीस, म्हणून तुला बत्तिसावी आकृती मिळाली. तिचं नाव ‘टिकणं’, आणि तेवढ्यावर तू हरखलीस. गंमत बघ, एकतिसावी आकृती उलटी केली की नेमकी बत्तिसावी होते, त्यामुळे ही चूक नेमकी ह्याच प्रश्नाला नवख्याला भुलवते. तुझ्या हातात आली आहे ती एकतिसावी, श्येन. तिला ‘प्रभाव’ म्हणतात. दोघांनी एकमेकांना जाणवणं, असं मी म्हणेन.

आता पुन्हा मांडू. छाप्याचे 3, काट्याचे 2, तीन नाण्यांची बेरीज. तुझे आकडे खालून वर 8, 6, 7, 9, 7, 8. सम आकड्याला मध्ये तुटलेली रेघ, विषमाला अखंड. त्यातही 6 आणि 9 ह्या ‘बदलत्या’ रेघा. तीनही काटे पडले की 6, तीनही छापे पडले की 9, म्हणून ते कमी वेळा येतात. तुझ्याकडे दुसरी आणि चौथी रेघ बदलती आहे, आणि मजकूर वाचायचा तो ह्या दोनच रेघांचा. बाकीच्या चारांचा मजकूर कितीही मोहक वाटला तरी तो तुझ्यासाठी नाही.

आधी चित्र बघ. खालच्या तीन रेघा म्हणजे पर्वत, वरच्या तीन म्हणजे सरोवर. जुन्या कुटुंबक्रमात पर्वत हा धाकटा मुलगा आणि सरोवर ही धाकटी मुलगी. दोघंही कोवळी, आणि मुलगा मुलीच्या खाली बसलेला. पर्वताचा गुण स्थिर राहणं, सरोवराचा आनंद. पर्वताच्या माथ्यावर पाणी साचतं, कारण तिथे खोलगट जागा असते. रायगडावरचा गंगासागर आठव. शिखर अगदी टोकदार असतं तर पावसाचा थेंबही थांबला नसता. चित्राखालचं वाक्यही तेच सांगतं: शहाणा माणूस आतून रिकामा राहून माणसांना आपल्याकडे येऊ देतो. आपलं मत, आपली घाई, त्याच्याबद्दल मनात आधीच रंगवलेलं सगळं थोडं बाजूला ठेवायचं, हा त्याचा अर्थ.

मुख्य निकालात ‘मुलीशी लग्न केल्यास शुभ’ असं वाक्य आहे. तेवढं वाचून लगेच मुहूर्त बघायला निघू नकोस. हा मजकूर चीनमधल्या झोउ काळातल्या राजदरबारी शकुनांतून आलेला, आणि तिथे विवाह हा दोन घरांमधला मोठा निर्णय होता. भाष्यात ह्याचं कारण दिलंय: स्थिर असलेला खाली उतरतो, आनंदी असलेली वर असते, म्हणून दोघांमध्ये दाद-प्रतिसाद होतो. मी ह्यातून ‘कसं वागावं’ एवढंच घेते. तो तुझ्याबद्दल काय विचार करतो हे ह्यात कुठेच नाही, कारण प्रश्न तू विचारलास, नाणी तुझ्या हातातली होती.

ह्या आकृतीची खरी मजा रेघांमध्ये आहे. त्या खालून वर शरीरभर चढतात: पायाचा अंगठा, पोटरी, मांडी, मग हृदयाची जागा, पाठीचा वरचा भाग, आणि शेवटी जबडा, गाल, जीभ. ओढ कुठवर पोचली हे शरीराच्या भागावरून कळतं. अंगठ्यात असेल तर नुसतीच चुळबुळ, बाहेर कुणाला दिसणारही नाही. जिभेत असेल तर बडबड, आत काहीच नाही. (आपल्या ओळखीतले अर्धे प्रेमवीर सहाव्या रेघेवर राहतात, नावं घेत नाही.)

तुझी पहिली बदलती रेघ पोटरीची. मजकूर असा: पोटरीत प्रभाव, अशुभ, जागीच राहिल्यास शुभ. पोटरी स्वतः ठरवत नाही, पाऊल निघालं की ती निघते. तू लिहिलंस की त्याच्यासोबत बसता यावं म्हणून बासरीच्या क्लासची बॅच रविवारऐवजी शनिवार करून घेतलीस, आणि अजून त्याच्याशी धड बोलणंही झालेलं नाही. हीच ती पोटरी! मनाचं ठरायच्या आत अंग निघालं. पण ही रेघ वाईट आहे असं समजू नकोस. तुटलेली रेघ सम जागी म्हणजे आपल्या जागी आहे, आणि तिची जोडीदार पाचवी रेघ अखंड, तीही आपल्या जागी. ह्या आकृतीत पहिली-चौथी, दुसरी-पाचवी, तिसरी-सहावी अशा तिन्ही जोड्या जुळतात, प्रत्येकीत एक तुटलेली, एक अखंड. चौसष्टांपैकी फक्त आठ आकृत्यांना हे भाग्य. वरून प्रतिसाद येऊ शकतो म्हणूनच थांबण्यात शुभ आहे. धावत जाऊन तो ओढून आणायचा नाही.

चौथीत हृदयाचं नाव घेतलेलंच नाही, फक्त जागा तिथली. सचोटीने राहिल्यास शुभ, पश्चात्ताप मिटतो. पण मन अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालू लागलं, तर ज्यांच्यावर तू मुद्दाम लक्ष ठेवशील तेवढेच मागे येतील. अखंड रेघ इथे सम जागी बसली आहे, तिची जोडी खालच्या अंगठ्याशी, म्हणून ती खाली-वर होते. ‘तो ऑनलाइन होता, तरी माझं स्टेटस पाहिलं नाही’ हे तू एकाच पत्रात दोनदा लिहिलंस, अनघा. आखून-रेखून टाकलेल्या शब्दांनी त्याची एखादी दाद मिळेलही, पण ती तेवढ्या शब्दांपुरतीच. यी चिंगच्या जुन्या भाष्यात नेमकी ही रेघ उचलून म्हटलंय की सूर्य जातो, चंद्र येतो, एकमेकांना ढकलत प्रकाश होतो. सुरवंट आखडतो तो पुढे सरकण्यासाठी. त्यात चिंता करून घडवण्यासारखं काय आहे?

दोन रेघा बदलत्या असल्या की दोन्ही वाचायच्या आणि वरचीला जास्त वजन द्यायचं, हा बाराव्या शतकातल्या चू शी ह्या पंडिताचा नियम. तेव्हा नियमाने बघितलं तर तुझ्यासाठी चौथी मुख्य.

आता त्या दोन रेघा उलटव: तुटलेली अखंड, अखंड तुटलेली. खाली वारा, वर पाणी, अठ्ठेचाळिसावी आकृती, ‘विहीर’. गाव बदलता येतं, विहीर बदलता येत नाही. लोक येतात-जातात, पाणी काढतात. दोर पाण्याजवळ पोचून कमी पडला किंवा घागर फुटली तर अशुभ. हा भविष्यातला निकाल नव्हे, ही ओढ कुठल्या दिशेने वळते आहे ते. मी असं वाचते की पाणी आहे, पण तुझा दोर अजून आखूड आहे. त्याचं नाव, वाद्य आणि हसणं एवढंच तुला माहीत आहे.

आणि उत्तर पटलं नाही म्हणून पुन्हा नाणी टाकू नकोस. चौथ्या आकृतीत पुस्तक स्वतःच सांगतं: पहिल्यांदा विचारलंस तर सांगेन, दोन-तीनदा विचारलंस तर तो त्रास झाला, मग सांगणार नाही.

बॅच आता बदललीच आहेस तर राहू दे, परत रविवारी जायचं नाटक नको. पण पुढचे काही शनिवार क्लास संपल्यावर तू थांबू नकोस, तो थांबतो का बघ. आणि तू नेमका प्रश्न काय विचारला होतास ते शब्दशः लिहून कळव. ‘तो माझा होईल का’ असा असेल तर पोटरीच्या रेघेवर मी जास्त भर देईन, आणि ‘मी काय करू’ असा असेल तर चौथीवर.

तुझी,
वैशाली