मिहिरा, उद्या अंतरपाटाआड उभा राहशील तेव्हा

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

तू झोपला आहेस. हॉलमध्ये मुंजीच्या सामानाची पसरापसर आहे. पळसाचा दंड आजोबांनी आठवणीने दाराच्या कोपऱ्यात उभा करून ठेवलाय, आणि आजी अजून चष्मा लावून बसलीय. तिच्या हातात उद्याच्या मंगलाष्टकांचे कागद आहेत. ते मोठ्या अक्षरात छापून आणलेत, तरी ती प्रत्येक ओळीत लाल पेन्सिलीने एक उभी रेघ ओढतेय. ती रेघ कशासाठी, हे तू परवा विचारलं होतंस. मी पोळ्या करत होते म्हणून सांगायचं राहिलं. आता सांगते.

उद्या गुरुजी तुला अंतरपाटाच्या एका बाजूला उभं करतील. पलीकडे बाबा असतील आणि मुहूर्त होईपर्यंत तुम्ही एकमेकांना दिसणार नाही. त्या वेळात घरातली मोठी माणसं एकेक करून तुझ्यासाठी श्लोक म्हणतील. ती मंगलाष्टकं. अष्टक म्हणजे आठ खरे, पण आठच झाली पाहिजेत असं काही नसतं. तुझी घरची पाच आहेत: आजीचं, आत्याचं, मामाचं, बाबांचं आणि माझं. सगळी तुला उद्देशून लिहिलेली. विकतच्या पुस्तकातलं एकही नाही, यावर आजी अडून बसली होती.

माझं लिहायला मला तीन आठवडे लागले. सुरुवातच चुकली. मी अगदी उत्साहात "मिहिर बाळा, तुझी मुंज आज" असं लिहून आजीपुढे ठेवलं. तिने ते चालीत म्हणून बघितलं आणि पहिल्याच शब्दाला थांबली. म्हणाली, "सूर उभाच राहत नाही गं. पाय टेकायला जागा नाही."

मंगलाष्टकाची चाल ज्या वृत्ताची आहे त्याचं नाव शार्दूलविक्रीडित. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. तुला पाठ असलेली ओळ घे: गंगा सिंधु सरस्वती च यमुना, गोदावरी नर्मदा. ही त्याच वृत्तात आहे. प्रत्येक ओळीत एकोणीस अक्षरं, आणि कुठलं अक्षर लांब, कुठलं आखूड हे ठरलेलं. लांब म्हणजे गुरू, आखूड म्हणजे लघू. 'गंगा सिं' ही पहिली तिन्ही गुरू. चाल तिथे तीनदा पाय रोवून उभी राहते आणि मग पुढे पळते. आणि तुझं नाव? मि, हि, र. तिन्ही लघू. बोलताना आपण शेवटचा र अर्धवट खातो, पण वृत्तात तो पूर्ण मोजावा लागतो. जिथे तीन गुरू हवेत तिथे मी तीन लघू घातले, मग सूर टेकणार कुठे?

मी हिरमुसले. वाटलं, माझ्या मुलाचं नाव त्याच्या मुंजीच्या श्लोकात येणारच नाही की काय. तेव्हा आजीने डावा हात पुढे केला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागली. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. गं-गा-सिं-धु-स-र-स्व-ती-च-य-मु-ना. हात संपला तेव्हा ती यमुनेवर होती. म्हणाली, "हात संपला की श्वास. मग उरलेली सात." गोदावरी नर्मदा, बरोबर सात. बाराव्या अक्षरानंतरच्या या थांब्याला यती म्हणतात. लाल पेन्सिलीची रेघ तीच. तिथे श्वास घेतला तर सत्तर वर्षांच्या माणसालाही ओळ पेलते. भलतीकडे घेतला तर शब्द तुटतो आणि ऐकणाऱ्याला अर्थही लागत नाही.

मग आजी पुन्हा म्हणाली, "यमुना. य, मु, ना. दोन लघू, एक गुरू. आता हाक मार त्याला." मी म्हटलं, मिहिरा! मि, हि, रा. अगदी यमुनेच्या मापाचं. नुसतं 'मिहिर' बसत नव्हतं, पण हाक मारल्यावर बसलं, आणि तेही श्वासाच्या अगदी आधी, जिथे सूर लांबवता येतो. मिहिरा म्हणून आजी थांबली ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर जमत गेलं. पत्रिका पहिली कसबा गणपतीला ठेवली होती, तू माझं बोट धरून आला होतास आणि अक्षता तूच वाहिल्यास. तिथूनच सुरुवात केली. 'कसबा' हा शब्दही यमुनेच्या मापाचा निघाला, याचा मला केवढा आनंद झाला! हे बघ माझं मंगलाष्टक:

पुण्याचा कसबा गणेश पहिला, त्याला दिली अक्षता
विद्येची जडु दे मनात तुझिया, गोडी सदा वाढती ।
आईची पहिली मिळेल मिहिरा, भिक्षा तुझ्या झोळिला
गायत्री जननी प्रसन्न हसुनी, कुर्याद्बटोर्मंगलम् ॥

'जडू'चा 'डू' आणि 'झोळीला'तला 'ळी' मी ऱ्हस्व केलाय. शाळेत असं लिहू नकोस, बाई लाल शाई वापरतील. श्लोकात मापासाठी ती सूट असते. यमक जुळलेलं नाही हे मलाही दिसतंय. आजी म्हणाली, गंगा सिंधुलाही यमक कुठे आहे, ओढूनताणून घालू नकोस.

एका शब्दावर मात्र आमचा वाद झाला. तिसऱ्या ओळीतलं 'तुझ्या'. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं एवढं मला शाळेपासून माहीत होतं, म्हणून मी 'तु' गुरू धरून बसले आणि ओळ पुन्हा मोडायला निघाले. आजीने मला दोन शब्द मोठ्याने म्हणायला लावले: पुण्या, तुझ्या. पुण्या म्हणताना 'ण्'चा धक्का 'पु'ला बसतो. तुझ्या म्हणताना 'तु'ला काहीच होत नाही, ते हलकंच राहतं. मराठीत कानाला धक्का जाणवला तरच गुरू. डोळ्यांनी जोडाक्षर बघून ठरवायचं नाही, तोंडाने म्हणून ठरवायचं. तीन वेळा म्हटल्यावर पटलं आणि ओळ वाचली.

शेवटच्या चरणाच्या अखेरीस सगळे जण 'कुर्यात् सदा मंगलम्' असं म्हणतात, म्हणजे सदैव मंगल करो. मुंजीत त्याजागी 'कुर्याद्बटोर्मंगलम्' म्हणतात, बटूचं मंगल करो. उद्या बटू तू. पण 'कुर्यात्' हे एकाच देवाला लागू पडतं. माझ्या श्लोकात गायत्री एकटी आहे म्हणून चाललं. मामाने गणपती, शारदा आणि कुलदेवी अशा तिघांना बोलावलं आणि खाली 'कुर्यात्' लिहून पाठवलं. आजी आयुष्यभर संस्कृत शिकवलेली बाई, ती हे कसं सोडेल? तिने रात्री साडेदहाला मामाला फोन केला. आता त्याच्या श्लोकाच्या शेवटी 'कुर्वन्तु ते मंगलम्' आहे. कुर्वन्तु म्हणजे ते सगळे करोत, आणि 'ते' म्हणजे तुझं. मापही तेच, सात अक्षरं. मला तर हे जास्त आवडलं. बाकीचे श्लोक शेवटी गुरुजींना सांगितल्यासारखे वाटतात, बटूचं भलं होवो म्हणून. मामाचा थेट तुझ्याशी बोलतो.

आत्याचं तर मुळापासून बदलावं लागलं. तिने मोठ्या ताईच्या लग्नातलं सुंदर मंगलाष्टक काढलं आणि नाव बदललं, पण आत 'जोडी' आणि 'संसार' तसेच राहिले. मुंजीत तू एकटा, अजून शिकायला निघालेला. तुझ्या श्लोकात अभ्यास येतो, झोळी, दंड, मेखला येते, सूर्य येतो. सूर्य म्हणजे सविता, त्याचाच गायत्री मंत्र बाबा उद्या तुझ्या कानात सांगतील. आणि मिहिर म्हणजेही सूर्य. हे आत्याला सांगितलं मात्र, तिने एका बैठकीत नवीन श्लोक लिहिला. पाचांत तोच सगळ्यांत चांगला आहे. उद्या नीट ऐक.

आता वेळेचं. तुझ्या चुलतभावाच्या मुंजीत एक मोठा घोटाळा झाला होता, तू तेव्हा दोन वर्षांचा होतास. नऊ जणांनी मंगलाष्टकं आणली होती, प्रत्येकाला म्हणायची होतीच, आणि कोणी मोजली नव्हती. मुहूर्त झाला, गुरुजी हात वर करून थांबवत होते, आणि म्हणणारे डोळे मिटून तिसऱ्या कडव्याला लागले होते. काकूच्या तोंडचं पाणी पळालेलं मी बघितलंय. म्हणून या वेळी बाबा घड्याळ घेऊन बसले आणि आम्ही सगळ्यांनी म्हणून दाखवलं. सावकाश म्हटलं की एक श्लोक चाळीस सेकंद घेतो. पाचांचे तीन मिनिटं वीस सेकंद. आधी गुरुजींचे दोन संस्कृत, ते दीड मिनिट. मुहूर्त १० वाजून ४२ मिनिटांचा आहे, म्हणून सुरुवात १० वाजून ३६ मिनिटांनी. एक मिनिट हाताशी राहतं. तेही माइकसाठी, कारण माइक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना वेळ जातो. वेळ उरलीच तर गुरुजी आणखी एक म्हणतील, ते त्यांना तोंडपाठ असतं. आजीचं सगळ्यात शेवटी ठेवलंय, कारण तिला इशारा कळतो. बाबांचं दुसरं आहे. ते पलीकडून, न दिसता म्हणतील. आवाज ओळखशीलच.

प्रत्येक श्लोकानंतर 'शुभमंगल सावधान' होईल आणि अक्षता पडतील. तुला डोळ्यांत जाण्याची भीती वाटते ना? 'मंगलम्' ऐकू आलं की लगेच मान खाली घाल आणि डोळे मीट. मधल्या ओळींत कोणी टाकत नाही.

आजीचं संपल्यावर चाल एकदम बदलेल. ओळी आखूड होतील, गुरुजींचा आवाज चढेल: तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव. ते सुरू झालं की मुहूर्त आला असं समज. तेव्हा माझ्याकडे किंवा कॅमेऱ्याकडे बघू नकोस. समोर बघ. अंतरपाट बाजूला होईल आणि पलीकडे बाबा असतील. त्यांचे डोळे भरलेले असतील, घाबरू नकोस. त्यांच्या पायांवर डोकं ठेव, मग ते तुला मांडीवर घेतील.

आजीची पाचही पानं झाली. आता ती माझ्या श्लोकावर परत आलीय, आणि 'मिहिरा'पुढची रेघ पुन्हा एकदा गडद करतेय.

तुझी,
आई