‘कऱ्हाडे’ सापडत नाहीत, यात टंकणाऱ्याची चूक नाही

संपादक महोदय,

मराठीत शोध नीट चालत नाही याचे खापर टंकलेखनातल्या हलगर्जीपणावर फोडणारा लेख आपल्या अंकात वाचला. सगळ्यांनी युनिकोडमध्ये नीट टंकले की प्रश्न मिटेल, हा त्याचा निष्कर्ष मला पटला नाही. मराठी नोंदींचे डेटाबेस सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे, आणि टंकणाऱ्याने काहीही न चुकवता शोध फसतो हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

एक उदाहरण सांगतो. एका संस्थेच्या सभासद यादीत कऱ्हाडे आडनावाचे अकरा जण होते. शोधपेटीत आडनाव टाकले की सहाच येत. उरलेले पाच यादी डोळ्यांनी चाळली की सापडत, आणि पडद्यावर अकराही आडनावे हुबेहूब एकसारखी दिसत. नोंद मिळत नाही म्हणून कारकुनाने एका गृहस्थांची नवी नोंद केली होती, त्यामुळे त्यांना दोन सभासद क्रमांक मिळाले होते.

अशा वेळी मी आधी `char_length` लावून अक्षरचिन्हे मोजतो. सहा नोंदींची लांबी ७ आली, पाचांची ८. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे काहीतरी आत होते. उलगडून पाहिले तर ‘ऱ्ह’ तीन तऱ्हांनी साठवला गेला होता. सहा नोंदींत ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह होते, U+0931. दोन नोंदींत साधा र आणि त्याखाली नुक्ता, अशी दोन चिन्हे होती. आणि उरलेल्या तिघांत र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, U+200D. हा जोडक अदृश्य असतो, पण त्याच्यामुळेच रफार न होता र अर्धचंद्रासारखा दिसतो. तीनही पद्धती वैध आहेत. कुठली वापरली जाते हे कळफलकावर ठरते, आणि माणूस तर फक्त ‘कऱ्हाडे’ लिहीत असतो.

आता सामान्यीकरणाकडे, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याकडे येतो. युनिकोडच्या NFC रूपात र आणि नुक्ता मिळून ‘ऱ’ होतो, कारण ही दोन रूपे समान आहेत असे युनिकोडनेच ठरवून दिले आहे. त्यामुळे NFC लावल्यावर सहाचे आठ झाले. तिघे मात्र तसेच राहिले. जोडकाचे रूप आणि ‘ऱ’चे रूप युनिकोडच्या लेखी समान नाहीत, त्यामुळे NFC त्यांना हातही लावत नाही. ‘नॉर्मलाइझ करा, काम झाले’ हा सल्ला मराठीत इथेच अपुरा पडतो.

यावर पुढचा उपाय म्हणून बरेच जण सगळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकतात. मीही एकदा ते केले आहे, म्हणून कळकळीने सांगतो की करू नका. जोडक पुसला की त्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या समुद्रात जातात, आणि मूळ मजकूर राखलेला नसेल तर त्या परत आणता येत नाहीत. म्हणून मूळ रकाना जसा टंकला तसाच ठेवावा आणि शोधासाठी शेजारी वेगळी किल्ली तयार करावी. तिच्यात आधी जोडकाच्या रूपाचा ‘ऱ्’ करायचा, आणि मगच उरलेले जोडक काढायचे. क्रम उलटा झाला तर सगळे मुसळ केरात. पोस्टग्रेसमध्ये ते असे लिहितो:

```sql
CREATE FUNCTION mr_key(t text) RETURNS text
LANGUAGE sql IMMUTABLE AS $$
  SELECT replace(replace(replace(replace(
    normalize(t, NFC),
    U&'\0930\094D\200D', U&'\0931\094D'),
    U&'\0905\0945', U&'\0972'),
    U&'\090D', U&'\0972'),
    U&'\200D', '')
$$;
```

मधल्या दोन ओळी ‘ॲ’साठी आहेत. ‘ॲड.’ लिहिताना कोणी एकसंध ॲ वापरतो (ते चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले), कोणी अ वर चंद्र देतो, तर कोणी ऍ उचलतो. NFC या तिन्हींना वेगळेच ठेवते. यादीतल्या वकिलांचीही त्यामुळे कऱ्हाड्यांसारखीच गत झाली होती. हे फंक्शन साठवलेल्या नावाला लावायचे आणि शोधपेटीत आलेल्या शब्दालाही. दुसरी बाजू विसरली जाते, आणि मग किल्ली असूनही कुलूप उघडत नाही.

नुसते कोलेशन, म्हणजे डेटाबेसचा अक्षरांच्या तुलनेचा आणि क्रमाचा नियमसंच, बदलून भागणार नाही का, असे मला विचारले जाते. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये बरोबरीची तपासणी शेवटी बाइटवरच होते, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. मायएसक्यूएल ८ चे मूळ कोलेशन `utf8mb4_0900_ai_ci` मात्र दुसऱ्या टोकाला जाते. त्याच्या हिशेबी ‘र’ आणि ‘ऱ’ यांत फक्त दुय्यम फरक आहे, आणि नावातल्या `ai`मुळे तो दुय्यम फरक सोडून दिला जातो. त्यात अकराही कऱ्हाडे सापडतात, पण ‘दर्या’ शोधला की ‘दऱ्या’ही येतात. आडनावांच्या यादीत हे चालेल. शब्दकोशात नाही.

कोलेशनचे खरे काम क्रमवारीत आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवला आहे, म्हणून कोडक्रमाने लावलेली यादी कालवा, काळ, कावळा, कासव, काहूर अशी येते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, त्यामुळे ‘काळ’ शेवटी जायला हवा. पोस्टग्रेस १६ पासून असा नियम आपल्याला देता येतो:

```sql
CREATE COLLATION marathi (provider = icu,
  locale = 'und', rules = '&ह < ळ < क्ष < ज्ञ');
```

यात क्ष आणि ज्ञ ही स्वतंत्र अक्षरे धरली आहेत, म्हणून ‘शिक्षण’ हा ‘शिखर’च्या आधी न येता ‘शिळा’च्याही मागे जातो. काहींना ते खटकेल. क्ष ला क च्या पोटात ठेवणारी सूचीही मराठीत चालते, आणि ती हवी असेल तर नियम ळ पाशीच थांबवावा. माझे मत विचाराल तर नावांच्या यादीत क्ष क खालीच बरा, कारण शोधणारा तिथेच आधी बघतो. मात्र क्रमवारी लावतानाही किल्लीचाच रकाना वापरावा. क आणि ष यांच्यामध्ये जोडक लपलेला असेल तर क्ष चा नियम त्याला ओळखत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचे काय, असा प्रश्न येईल. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे वेगळे शब्द आहेत, म्हणून किल्लीत मी ते एक करत नाही. ज्यांना सैल शोध हवा त्यांनी त्यासाठी आणखी एक रकाना करावा.

त्या यादीत किल्लीवर गट पाडल्यावर दुबार नोंदींच्या बऱ्याच जोड्या एकदम वर आल्या. त्या आपोआप जोडायचा मोह आवरला हे बरे झाले. जन्मतारखा ताडून पाहिल्या, तर एका जोडीत खरोखरच एकाच नावाचे दोन सभासद होते.

आपला,
एक वाचक