बाबांच्या कानातील बुरशीविषयी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात पुण्याहून निघताना घाई झाली आणि कर्वे रस्त्यावरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते तुम्हा दोघांशी नीट बोलायचे राहून गेले. फोनवर बाबांना डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळे लिहूनच पाठवते.

बाबा, जून महिन्यात कान दुखून त्यातून पाणी येऊ लागले तेव्हा तुम्हाला अँटिबायोटिकचे थेंब दहा दिवसांसाठी मिळाले होते आणि त्यांनी तो त्रास बराही झाला होता. पुढे कान खाजू लागल्यावर जुनी चिठ्ठी दाखवून तुम्ही तीच बाटली दुकानातून दोनदा आणली आणि असे साडेपाच आठवडे थेंब चालू राहिले. खरी चूक इथे झाली. कानाच्या नळीत निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती असते आणि त्यांच्यामुळे बुरशीला जागा मिळत नाही. लांबलेल्या औषधाने ते जिवाणू मेले, रोजच्या थेंबांनी नळी ओली राहिली आणि त्यात पावसाळी हवेची भर पडली. बुरशीवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे तिला मोकळे रान मिळाले.

थेंब टाकले की दोन दिवस बरे वाटते, मग ते वाईट कसे, असे तुम्ही डॉक्टरांना विचारलेत. त्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइडही होते. स्टेरॉइडने सूज आणि खाज तात्पुरती दबते, पण त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्तीही कमी होते आणि बुरशी आणखी वाढते. म्हणजे जे बरे वाटत होते, तेच तुम्हाला पुन्हा पुन्हा त्या बाटलीकडे नेत होते.

आई, उशीच्या अभ्र्यावर दिसलेली काळी भुकटी तुला वाळलेले रक्त वाटली होती. कांद्याचा वरचा पापुद्रा काढल्यावर खाली जी काळी पूड दिसते, ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी असते. बाबांच्या कानातली बुरशीही त्याच जातीची दिसते, असे डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीतून त्यांनी मला दाखवले तेव्हा नळी भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारख्या करड्या थराने भरली होती आणि त्यावर काळे ठिपके होते. कान भरल्यासारखा वाटतो आणि ऐकू कमी येते ते या थरामुळे. पडद्याला भोक नाही, हेही त्यांनी कान साफ केल्यावर पाहून घेतले, कारण भोक असते तर कोणते थेंब चालतात याचा वेगळा विचार करावा लागला असता.

उपचाराचा अर्धा भाग ही सफाईच आहे. थर तसाच राहिला तर औषध त्याच्यावरच थांबते, कातडीपर्यंत पोचत नाही. म्हणून दुर्बिणीखाली बारीक नळीने तो ओढून काढला आणि येत्या गुरुवारी पुन्हा पाहायला बोलावले आहे. बरे वाटत असले तरी ती खेप चुकवू नका, कारण पहिल्या सफाईनंतर थर पुन्हा जमणे नेहमीचे आहे.

आता थेंब फक्त क्लोट्रिमॅझोल एक टक्क्याचे, दिवसातून तीन वेळा. बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते. बाबांनी उजव्या कुशीवर निजावे, आईने कानाची पाळी वर आणि मागे ओढून चार थेंब सोडावेत आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. खाज चार-पाच दिवसांत थांबेल, पण कान स्वच्छ दिसू लागल्यावरही दोन आठवडे औषध चालू ठेवायचे आहे. मध्येच सोडले की उरलेले बीजाणू पुन्हा रुजतात आणि हा आजार उलटतो तो बहुधा असाच. दुकानदार 'यात सगळेच आहे' म्हणून अँटिबायोटिक, स्टेरॉइड आणि बुरशीचे औषध एकत्र असलेली बाटली देईल. ती घेऊ नका आणि जुनी बाटली आजच टाकून द्या.

आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवावा आणि नंतर काढून टाकावा. टिळक तलावावरचे पोहणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. लसणाचे कोमट तेल आई प्रेमाने घालते हे मला ठाऊक आहे, पण त्याने नळी ओली राहते, म्हणून तेही नको. काडी किंवा किल्ली तर मुळीच नको, कारण ओरखड्यातून पुन्हा जिवाणूंचा संसर्ग होतो.

बाबांना मधुमेह आहे, म्हणून एक गोष्ट मी वेगळी लिहिते. बुरशीत मुख्य त्रास खाजेचा असतो. कानात खोलवर ठणका लागून रात्री झोप मोडू लागली, किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली वाटली, तर गुरुवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मला कळवा, मी मिळेल त्या गाडीने निघेन. उपाशीपोटीची साखरही या आठवड्यात तपासून घ्या.

गुरुवारी डॉक्टर काय म्हणाले ते आईने संध्याकाळी फोनवर सांगावे.

तुमची लेक