मासे खताने मरत नाहीत

महोदय,

पर्यावरण रसायनशास्त्राचे निबंध तपासताना ‘शेतातील खते तळ्यात उतरतात आणि त्यांच्या विषाने मासे मरतात’ हे वाक्य मला दरवर्षी भेटते, म्हणून हा खुलासा. मासे मरतात ते गुदमरून.

नायट्रेट पाण्यात सहज विरघळून वाहत येते, तर फॉस्फेट बहुधा मातीच्या कणांना चिकटून पहिल्या जोरदार पावसाच्या गढूळ लोंढ्याबरोबर येते. डिटर्जंट आणि मैल्यातूनही ते येतेच. गोड्या पाण्यात सहसा फॉस्फरसचाच तुटवडा असल्याने तो मिळताच शेवाळ फोफावते. शेवाळाच्या सर्वसाधारण घडणीनुसार एक ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे शंभर ग्रॅम कोरडे शेवाळ तयार होते. ते मरून तळाशी बसले की जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यासाठी अंदाजे १४० ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे चिमूटभर फॉस्फरस सतरा हजार लिटर पाणी निर्जीव करू शकतो.

दुपारी तपासलेला नमुना मात्र फसवतो, कारण तेव्हा तेच शेवाळ ऑक्सिजन सोडत असते. रात्री मात्र तेही ऑक्सिजन वापरते, म्हणून मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते पहाटे. शिवाय तळाचा ऑक्सिजन संपला की गाळातील लोहाने धरून ठेवलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात सुटते, त्यामुळे बाहेरचा ओघ थांबवूनही तळे वर्षानुवर्षे हिरवेच राहू शकते.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक, कोल्हापूर